सूपभर कोंड्याचा आजा

कोंडाजीला नात झाली तेव्हा तो खळ्यावर भात झोडत होता. शंभूचा फोन आला, तो त्यानं खांद्यानं कानाशी दाबून धरला, ऐकलं, आणि हातातली पेंढी तशीच वर धरून उभा राहिला. बांधावर बसलेल्या बायकोनं, हौसाबाईनं, ओळखलं. ती म्हणाली, "लक्ष्मी आली, व्हय?" कोंडाजी म्हणाला, "आली. आन् सुनबाईचं बी बरं हाय." मग पेंढी एवढ्या जोरात आपटली की दाणे पार कुंपणापलीकडं गेले. दुसऱ्या दिवशी पाखरांनी ते टिपले. कोंडाजीनं त्यांना हाकललं नाही.

मुठ्याच्या खोऱ्यात कोंडाजीचं घर. पिढ्यान् पिढ्या भाताची खाचरं. एकुलता एक लेक शंभू भुकूमला फ्लॅट घेऊन राहतो. सून अपेक्षा औशाकडची, पुण्यात ऑफिसला जाणारी, चटपटीत बोलणारी. लांबचं माहेर म्हणून विहीणबाई नलिनीताईच भुकूमला येऊन राहिल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी नात बघायला दोघं भुकूमला गेली. मूठभर तोंड, कापसासारखं कपाळ. कोंडाजीनं बोट पुढं केलं तर पोरीनं ते घट्ट धरलं. नलिनीताईंनी गुरुजींनी मांडलेलं टिपण वाचून दाखवलं. मृगशीर्ष नक्षत्र, चौथा चरण, अक्षर 'की' निघालं. पत्रिकेपुरतं 'किमया' लिहून घेतलं होतं. ते राशीचं नाव. पण हाक मारायचं, शाळेत लागायचं, दाखल्यावर यायचं नाव अजून ठरलं नव्हतं. दवाखान्यातून गेलेल्या नोंदीत नावाची जागा कोरी ठेवली होती. ती नंतर अर्ज करून भरता येते.

अपेक्षा म्हणाली, "नाव तुम्ही ठेवायचं, मामंजी. पण माझी एक अट आहे."

"बोल की."

"तिला पत्र लिहायचं. हे नाव का ठेवलं, कुठून आलं, सगळं. ती वाचायला शिकली की मी तिच्या हातात देणार. आणि बारशाला तुम्ही ते सगळ्यांसमोर वाचायचं, मगच नाव ठेवायचं."

शंभू हसला. "अगं, आबांनी जन्मात एक अर्ज लिहिलाय, तोही रेशन कार्डाचा."

"मग दुसरा लिहितील," अपेक्षा म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "मला माझं नाव का ठेवलं, कुणी सांगितलंच नाही. विचारलं की म्हणायचे, छान वाटलं म्हणून ठेवलं. माझ्या लेकीला उत्तर तयार पाहिजे. आणि मामंजी, खरं लिहा."

नलिनीताई पोरीची कुंची नीट करत राहिल्या.

कोंडाजी म्हणाला, "नाव माझ्या मनात हाय. तुळजा."

नलिनीताईंचं तोंड फुललं. तुळजाभवानी त्यांचं कुलदैवत. त्यांनी लगेच हात जोडले, म्हणाल्या, "बघा, व्याह्यांनी आमची देवी आठवली." शंभूलाही आवडलं, अपेक्षालाही. सगळ्यांनाच एवढं बरं वाटलं की कोंडाजी गप्प बसला. हे नाव देवीवरून सुचलेलं नव्हतं. पण ते सांगायची वेळ निघून गेली. म्हणजे, निघून जाऊ दिली.

घरी आल्यावर त्यानं शंभूची जुनी वही काढली आणि दुपारी ओटीवर बसून लिहिलं. हौसाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं.

"चिरंजीव तुळजा हिस आजोबांचा अनेक आशीर्वाद. आई तुळजाभवानीच्या कृपेने तुझा जन्म झाला, सबब तुझे नाव..."

हौसाबाई तांदूळ निवडत होती. खडे बाजूला टाकता टाकता म्हणाली, "देवीचं नाव ठिवायचं तर एवढं पत्तुर कशाला? देवीला सांगावं लागतंय व्हय, ती कोन हाय ते?"

"मग काय लिवू?"

"मला काय इचारता? लगीन तुमचं झालं. हळद तुमाला लागली. मी तवा माझ्या बापाच्या घरी व्हते. पर सासूबाईंनी मला समदं सांगितलंय."

कोंडाजीनं वही मिटली. पन्नासाला एक कमी एवढी वर्षं झाली होती लग्नाला, आणि एवढ्या वर्षांत बायकोनं हे कधी काढलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. कोंडाजीच्या आईची चार पोरं एकामागून एक गेली. कुणी पाळण्यात, कुणी रांगता रांगता. पाचवा हा. पोरं वाचत नाहीत त्या घरात पोर आलं तर मुळशीच्या जुन्या बाया एक करायच्या. पोर विकून टाकायचं. जिची सगळी लेकरं धडधाकट आहेत अशा बाईनं सूपभर कोंडा द्यायचा आणि पोर विकत घ्यायचं. मग पोर तिचं. मरण त्या घरी आलं तर म्हणणार, हे तर ह्यांचं नव्हंच, सूपभर कोंड्याचं कुणाचं तरी हाय. विकत घेणारीनं नाव ठेवायचं, तेही साधंसुधं, कुणाची नजर जाऊ नये असं. मग तिनंच ते पोर आईकडं राखणीला द्यायचं. पुढं पोराचं लग्न ठरलं की पहिली हळद विकत घेणारीनं लावायची, आईबापानं तिला लुगडं-चोळी करायची, सूपभर कोंडा परत मोजायचा आणि पोर सोडवून घ्यायचं.

कोंडाजीला विकत घेतलं ओढ्यापलीकडच्या तुळजाबाईनं. सुईण होती ती. कामाच्या शोधात आलेलं कुटुंब, गावकीत धरलं न जाणारं. पाच लेकरं होती तिला, पाचही ठणठणीत. तिनं नाव ठेवलं, कोंडाजी.

पोरगं जगलं. पण शाळेत पोरं चिडवायची, "सूपभर कोंड्याचा." आणि हळदीच्या दिवशी जे झालं, ते कोंडाजीनं पुन्हा कधी तोंडावर आणलं नव्हतं.

बारशाला चार दिवस राहिले तेव्हा तो उठला, धुवट टोपी घातली आणि पिरंगुटकडं जाणाऱ्या गाडीत बसून उरवड्याला उतरला. तुळजाबाईची थोरली लेक ठकूबाई तिथं राहायची, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. कारखान्यातल्या कामगारांना भाकऱ्या पुरवायचं त्यांचं काम होतं. दारात दुचाक्या उभ्या, आत दोन तवे तापलेले. सून भाकऱ्या थापत होती आणि ठकूबाई पीठ चाळत होती. ऐंशीची बाई, पण नजर अजून सुईसारखी.

"कोन? कोंडा?" ती म्हणाली. "वाट चुकलास का?"

"न्हाई, ताई."

"मग उशीर झाला म्हनायचं. बस."

तो पोत्यावर बसला. तिच्या सुनेनं पाणी दिलं. कोंडाजीनं नात झाल्याचं सांगितलं, नावाचं आणि पत्राचं सांगितलं. ठकूबाईची चाळण थांबली नाही.

"आमच्या आईचं नाव," ती म्हणाली. "आन् लोकास्नी काय सांगनार? देवीचं हाय?"

"लोक तसंच समजल्यात."

"मग बरं झालं की. फुकटात काम झालं."

कोंडाजी म्हणाला, "मी तुला बोलवायला आलोय. शंभूला बहीण न्हाई. त्याची आत्या तूच. नाव पोरीच्या कानात तू सांगायचंस."

आता चाळण थांबली. सुनेचा भाकरी थापणारा हातही जरा थांबला आणि मग पुन्हा चालू झाला.

"आन् तुझी भावकी?"

"भावकीचं मी बघतो."

"मागल्या वक्ताला बी तूच बघनार व्हतास," ठकूबाई म्हणाली. रागानं नव्हे, पावसापाण्याचं बोलावं तसं. "आई गेली त्याला तीस वर्सं झाली, कोंडा. ती तुझं वंगाळ कधी बोलली न्हाई. बाया इचारायच्या, तुळजे, तुला लेकरं किती? ती म्हनायची, सहा. आमी पाच भावंडं हसायचो. म्हनायचो, आये, मोजता येत न्हाई का तुला? ती म्हनायची, मोजता येतंय म्हनूनच सहा."

कोंडाजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

चाळणीत उरलेला कोंडा ठकूबाईनं त्याच्यापुढं धरला. "आन् तुला काय वाटतं, तिनं तुला हलकं नाव दिलं? तिनं मला सांगितलंय. भातावरचं तूस वाऱ्यानं उडून जातंय. कोंडा दाण्याला चिटकून ऱ्हातो, शेवटपातुर. दाण्याची राखन कोंडाच करतो, म्हनायची. नाव असं दिलं की आत काय हाय ते कुनाला दिसू नये."

कोंडाजीनं चाळणीतला कोंडा चिमटीत धरून पाहिला.

"येशील का?" कोंडाजीनं विचारलं.

"येईन. पर दारात हुबी ऱ्हाईन. पत्तुर वाचनार हायेस ना तू समद्यांम्होरं? त्यात हळदीचं वाच. वाचलंस तर मी आत येईन. न्हाई वाचलंस तर घुगऱ्या बांधून घेईन आन् परत येईन. तुझ्यावर राग धरनार न्हाई. पर आत येनार न्हाई."

घरी येऊन कोंडाजीनं देवीचं पत्र फाडलं आणि नवीन वही आणली. तीन दिवस तो लिहीत होता. झोडणी राहिली. हौसाबाईनं दोन गडी लावून ती उरकून घेतली आणि नवऱ्याला एका शब्दानंही टोकलं नाही. फक्त चहा दोनदा जास्त दिला.

बाराव्या दिवशी कोंडाजीच्या घरी, ओटीवर पाळणा टांगला. झेंडूची माळ, खाली रांगोळी, घरभर शिजलेल्या हरभऱ्याचा वास. भावकी जमली, वाडीतल्या बाया जमल्या. आधी वरवंट्याला कुंची घालून त्याचं बाळ केलं. पाळण्याच्या अलीकडची म्हणाली घ्या, पलीकडची म्हणाली द्या, आणि वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरला. एका म्हातारीनं आपलाच पाळणा जुळवून म्हटला:

पहिल्या गं दिवशी, खळ्यात सोनं सांडलं
आजानं पेंढी धरून, आभाळाशी भांडन मांडलं
जो बाळा जो...

बाया हसल्या. कोंडाजी हसला नाही. त्याची नजर दाराकडं होती. ठकूबाई आली होती. सांगितल्याप्रमाणं उंबऱ्याबाहेर उभी, हिरवं लुगडं, हातात काही नाही.

चुलतभाऊ जनार्दनानं तिला पाहिलं आणि कोंडाजीच्या कानाशी आला. "ही उरवड्याची कशाला आली?"

"मी बोलावलंय. नाव ती ठेवनार हाय."

"ती? तिचा आन् आपला काय संबंध?"

"तेच वाचतो," कोंडाजी म्हणाला आणि चष्मा लावला.

पत्र त्यानं दोन्ही मुठींत घट्ट धरलं. आवाज खाचरावर हाळी द्यावी तसा निघाला.

"माझी नात तुळजा, हिला आजाचा आशीर्वाद. तू हे वाचशील तेव्हा मी असेन किंवा नसेन. तुला दोन नावं आहेत. एक किमया, ते चंद्रानं दिलं. तू जन्मलीस तेव्हा चंद्र ज्या नक्षत्रात होता, त्याचं अक्षर घेऊन गुरुजींनी ते काढलं. ते पत्रिकेत राहील. दुसरं तुळजा. ते मी दिलं, म्हणून त्याचा जबाब माझ्याकडं.

"तुळजा हे देवीचं नाव. जाणती माणसं सांगतात, ती हाकेसरशी त्वरेनं धावते म्हणून तिला त्वरिता म्हणत, त्याचंच पुढं तुळजा झालं. तुझ्या आईच्या माहेरचं ते दैवत. पण मी तुझं नाव देवीवरून ठेवलेलं नाही. देवीनं मला क्षमा करावी. मी ते एका बाईवरून ठेवलंय, जी हाकेसरशी धावली होती."

नलिनीताईंनी मान वर केली. अपेक्षानं पोरीला छातीशी धरलं आणि ऐकू लागली.

पत्रात पुढं चार गेलेली पोरं आली, ओढा आला, सूप आलं. "तुझ्या पणजीनं निरोप धाडला तेव्हा तुळजाबाई भाकरी खात होती. हात धुवायला थांबली नाही. घरातला कोंडा सुपात घेतला आणि ओढ्यातून आली. मी तिला फुकट मिळालो नाही. तो कोंडा तिच्या म्हशीचा होता. त्या दिवशी म्हैस उपाशी राहिली." बाया गालात हसल्या. "त्या दिवसापासून मी तिचा. मला राखणीला ठेवलं, एवढंच."

मग कोंडाजी थांबला. पुढची ओळ त्यानं तीन दिवसांत सात वेळा खोडून लिहिली होती. जनार्दन हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे, म्होरचं पान घे." कोंडाजीनं दाराकडं पाहिलं. ठकूबाई त्याच्याकडं बघत नव्हती, अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत होती.

त्यानं वाचलं.

"माझ्या लग्नात पहिली हळद तिनं लावायची होती. ती स्वतः दळून वाटीत हळद घेऊन आली. माझे दोस्त बसले होते. एकजण म्हणाला, कोंड्या, तुझी मालकीण आली. सगळे हसले. मला लाज वाटली. मी मोठ्यानं म्हणालो, हिला कुणी बोलावलं? तिनं वाटी कट्ट्यावर ठेवली आणि ओढ्याच्या वाटेनं गेली. माझ्या बापाला कुणी तरी सांगितलं की तिला सूपभर कोंडा द्यायचा राहिला. बाप म्हणाला, उद्या देऊ. उद्या कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही. ती गेली तेव्हाही गेलो नाही.

"तुळजा, तुझा आजा वाईट नव्हता, पण त्या दिवशी भ्याला. नाव म्हणजे नुसती हाक नसते. ज्यानं आपल्याला नाव दिलं, त्याला चारचौघांत आपला म्हणता आलं पाहिजे. मला म्हणता आलं नाही. तुझ्या नावानं मी रोज म्हणणार आहे. पोरी, दिवसातून वीस वेळा मी तुला हाक मारीन, आणि वीस वेळा ते तिचं नाव असेल. आणि कुणी विचारलं तुळजा म्हणजे कोण, तर आधी देवी सांग आणि लगेच पाठोपाठ तिची गोष्ट सांग. मला सहावं लेकरू म्हणणारी."

शंभू बापाकडं असा बघत होता, जणू ह्या माणसाशी त्याची आत्ताच ओळख करून दिली होती.

जनार्दनानं घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता, हिशेबी होता. म्हणाला, "कोंडा, झालं ते झालं. एवढंच हाय तर आत्ता सूपभर कोंडा मोज बाईला, लुगडं दे, मोकळा हो. म्हंजे आपल्या घरचीच बाई नाव ठेवील. रीत बी ऱ्हाईल."

"मग मी आत कशाला येऊ?" दारातून ठकूबाई म्हणाली. "सोडवून नेला तर मी त्याची कोन?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या, तिथून कोंडाजीकडं.

कोंडाजी म्हणाला, "न्हाई मोजनार. सोडवून घेतलं तर मी ह्या पोरीला आत्या कुटून आनू? मी राखणीला हाय, जना. राखणीलाच ऱ्हाऊ दे. म्हातारपनी मालक बदलत न्हाईत."

पहिली हसली ती हौसाबाई. मग सगळ्याच बाया. जनार्दन म्हणाला, "अरे, म्हंजे सत्तर वर्सं आमच्या पंगतीला जेवनारा तू उरवड्याचा?" आणि स्वतःच हसून खाली बसला.

अपेक्षा उठली. तिनं उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "आत्याबाई, पाय धुवा. बाळ वाट बघतंय."

ठकूबाईनं पाय धुतले. आत आली. कोंडाजीपुढून जाताना थांबली, त्याच्या हातातला कागद हळूच सरळ केला, चुरगळला होता तिथं, आणि पुढं गेली. अपेक्षानं पोर पाळण्यात ठेवलं. बाया गोळा झाल्या. आत्यानं कानात नाव सांगताना तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही तर ठरलेलीच गंमत. पण आज कुणाचा हात उठेना. ऐंशीची बाई, त्यात पाहुणी, त्यात हे असं सगळं ऐकलेलं.

ठकूबाई पाळण्यावर वाकली. पोरीनं डोळे उघडले आणि तिच्या नथीकडं बघत राहिली. ठकूबाईनं ओठ इवल्याशा कानाला लावले. पहिल्या वेळेला नाव तिला म्हणताच आलं नाही, नुसता श्वास आला.

"म्हन की, वन्सं," मागून हौसाबाई म्हणाली, आणि हात वर करून तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

तेवढ्यानं बाकीच्या सुटल्या. नलिनीताईंनी घातला, वाडीतल्या पोरींनी घातले, पाळणा म्हणणाऱ्या म्हातारीनं दोन्ही हातांनी घातले. ठकूबाईच्या हिरव्या लुगड्यावर ढोल वाजावा तसा आवाज उठला, आणि त्या माऱ्याखालून तिचा आवाज आला, एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा घरभर ऐकू जाईल असा.

"तुळजा. तुळजा. तुळजा."

"पुरं करा गं," ती वाकूनच म्हणाली. "हाडं म्हातारी हायेत माझी."

पण ती सरळ उभी राहायची घाई करत नव्हती, आणि बायाही थांबत नव्हत्या.